आमच्या संस्थेचा बीएमसी का रखडला आणि फळ्यावरच्या आठ ओळींनी कसा उभा राहिला

मी सांगोला तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचा चेअरमन आहे. बीएमसी म्हणजे बल्क मिल्क कूलर बसवायला आम्हाला दीड वर्ष लागलं, आणि त्यातलं पहिलं जवळजवळ एक वर्ष निव्वळ वाया गेलं. ते का गेलं आणि नंतर काय बदललं हे लिहून ठेवतोय, कारण आजूबाजूच्या तीन-चार संस्था आता याच वाटेवर आहेत आणि त्यांचे फोन येतात.

आधी परिस्थिती सांगतो. आमचं संकलन दिवसाला साधारण १६०० लिटर, सकाळी ९०० आणि संध्याकाळी ७००, सगळं संकरित गाईचं. दूध चाळीस लिटरच्या कॅनमधून टेम्पोने दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर जायचं, अंतर ३८ किलोमीटर. सकाळच्या दुधाचं फारसं काही नाही, पण संध्याकाळचं दूध साडेसहाला यायला सुरुवात व्हायची, शेवटचा माणूस आठला यायचा, टेम्पो साडेआठला निघायचा, वाटेत अजून दोन गावं घ्यायची आणि दहाच्या पुढं केंद्रावर. म्हणजे पहिल्या माणसाचं दूध धार काढल्यापासून चार तास उन्हाळ्याच्या गरम हवेत कॅनमध्ये. धारेचं दूध ३५-३६ अंशाचं असतं आणि जंतूंना याच्यापेक्षा चांगली जागा नाही. एप्रिल-मे मध्ये आठवड्यातून एकदा तरी कॅन आंबट म्हणून परत यायचे, आणि ते नुकसान संस्थेच्या अंगावर, कारण शेतकऱ्याला तर आपण माप घालून पावती दिलेली असते.

म्हणून सप्टेंबर २०२२ च्या वार्षिक सभेत ठराव केला, गावातच २००० लिटरचा टँक बसवायचा. हा दोन वेळच्या दुधाचा टँक असतो, म्हणजे एका वेळी निम्मा भरायचा आणि तेवढं दूध त्याने तीन तासात ३५ वरून ४ अंशावर आणायचं, अशी त्याची रचना. काही संचालक म्हणत होते ३००० चा घेऊ, पुढं दूध वाढेल. पण उन्हाळ्यात कधी कधी आमचं एका वेळचं दूध ५०० च्या खाली येतं आणि मोठ्या टँकमध्ये थोडंसंच दूध असलं की ढवळणारा पंखा नीट बुडत नाही, तळाला दूध गोठतं. त्यामुळं २००० वर ठरलं. सभेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी जाहीर केलं, संक्रांतीला उद्घाटन.

आता बघा, माझ्याकडं प्लॅन म्हणून फक्त ही एकच तारीख होती. बाकी वहीत कामांची यादी होती, बांधकाम, टँकची ऑर्डर, लाईट, जनरेटर, पाणी, लायसन्स, आणि प्रत्येक मासिक सभेला मी विचारायचो काय परिस्थिती, आणि प्रत्येक जण सांगायचा काम चालू आहे. बांधकाम चालू आहे, लाईटचं चालू आहे, कागदपत्रं चालू आहेत. कोणी खोटं बोलत नव्हतं, खरंच सगळं चालू होतं. इतिवृत्तात पण तसंच लिहिलंय, चार महिने ओळीनं तेच वाक्य.

९ जानेवारी २०२३ ला टँक आला. क्रेन आणली, गावातली पोरं जमली, नारळ आणला, आणि टँक दारापाशी नेला तर दार चार फुटाचं आणि टँक रुंदीला पाच फुटाच्या आसपास. गवंड्याने त्याला सांगितली होती तशी खोली बांधली होती, रंग पण दिला होता. टँकवाल्याने टँकचा नकाशा ऑक्टोबरमध्येच पाठवला होता, तो सचिवांच्या कपाटात होता, पण गवंड्याला कोणी दाखवला नाही. टँक बाहेर ताडपत्रीखाली ठेवला.

त्याच आठवड्यात वायरमन आला आणि म्हणाला, तुमच्या खोलीजवळची ही डीपी शेतीची आहे. आम्ही डिसेंबरमध्ये थ्री फेजचा अर्ज दिला होता आणि जवळच डीपी आहे म्हणून निवांत होतो. पण शेतीच्या फीडरवर म्हणजे शेतीच्या वीजलाईनवर तेव्हा थ्री फेज आठच तास मिळायची, तीही आलटून पालटून दिवसा आणि रात्री. बीएमसीला सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, दोन्ही वेळेला तीन-तीन तास सलग तिन्ही फेज पाहिजेत आणि ते रोज पाहिजेत. म्हणजे आम्हाला गावठाणचा फीडर लागणार, तो चारशे मीटर लांब, खांब टाकावे लागणार, त्याचं वेगळं एस्टिमेट, वेगळी मंजुरी. जागा बघताना ही चौकशी करायला अर्धा तास पुरला असता.

संक्रांत गेली. मग पाडवा म्हटलं, तोही गेला. उन्हाळा आला आणि त्या उन्हाळ्यात एका रात्री ६४० लिटर दूध परत आलं, सोळा कॅन. रात्री साडेअकराला टेम्पो संस्थेपुढं उभा होता, वास सगळीकडं पसरला होता आणि तिथंच दहा फुटावर ताडपत्रीखाली आमचा टँक होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि अजून एक गोष्ट तोपर्यंत कोणाच्या लक्षात आली नव्हती, टँकची वॉरंटी चालू केल्यापासून १२ महिने किंवा फॅक्टरीतून निघाल्यापासून १८ महिने, यातलं जे आधी संपेल ते. म्हणजे टँक ताडपत्रीखाली होता तरी वॉरंटी संपतच होती.

आमच्या गावात साखर कारखान्यातून रिटायर झालेले एक इंजिनिअर आहेत, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. ते आमचे सभासद पण आहेत, दोन गाई आहेत त्यांच्याकडं. मे महिन्यात दुधाचं बिल न्यायला आले तेव्हा टँककडं बघून मला म्हणाले, चेअरमन, याचे टप्पे काय ठरवलेत? मी वही दाखवली. त्यांनी दोन मिनिटं वाचली आणि म्हणाले ही कामं आहेत रे, टप्पे कुठं आहेत?

मला फरक कळेना. तेव्हा त्यांनी कारखान्याचं सांगितलं आणि ते मला एकदम पटलं, कारण आपल्या भागात ते सगळ्यांना माहिती आहे. गाळप संपलं की ऑफ सीझनमध्ये कारखान्यात शेकडो कामं निघतात, मिल उघडायची, रोलर काढायचे, बॉयलरच्या ट्यूबा बदलायच्या. त्या शेकडो कामांची यादी प्रत्येक खात्याकडं असते, पण अख्ख्या कारखान्याला आणि गावागावातल्या सभासदाला तीनच गोष्टी माहिती असतात, रोलर पूजन, बॉयलर अग्निप्रदीपन आणि मोळी. अण्णा म्हणाले, पूजा आपण नंतर लावली त्याला, पण मूळ काय आहे बघ. बॉयलर पेटवायचा तर आधी त्याची पाण्याच्या प्रेशरची टेस्ट झाली पाहिजे, इन्स्पेक्टरचा कागद पाहिजे, पंप पाहिजे, पाणी पाहिजे. बॉयलर अर्धा पेटत नाही. एक तर पेटला किंवा नाही पेटला. त्याला टप्पा म्हणायचं, आमच्या ऑफिसात त्याला माइलस्टोन म्हणायचे. ट्यूबा बदलणं हे काम आहे, ते चालू असू शकतं. टप्पा चालू नसतो, टप्पा झालेला असतो किंवा झालेला नसतो.

मग त्यांनी मला घरी जाऊन लिहून आणायला सांगितलं. मी एकतीस गोष्टी लिहून नेल्या, खडी आणणे, सिमेंट आणणे, मोटार बसवणे असं सगळं. त्यांनी त्यातल्या बहुतेक खोडल्या. खडी आली तर तुला काय कळलं? खडी येऊन पण खोली चुकीची होऊ शकते, झालीच की. ज्या ठिकाणी पोचल्यावर मागं वळायला लागणार नाही आणि पुढचं काम उघडतं, तेवढंच ठेव. असं करत आठ राहिल्या. आणि प्रत्येकापुढं तीन रकाने, कशावरून झालं म्हणायचं, कोण सांगणार, आणि कुठली तारीख.

पहिला रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ गेला, दोन संध्याकाळी. उदाहरण सांगतो. मी लिहिलं होतं 'लाईट कनेक्शन मिळाले'. अण्णा म्हणाले कसं ओळखणार? मी म्हटलं मीटर बसला की. ते म्हणाले मीटर तर शेतीच्या फीडरवर पण बसला असता. शेवटी लिहिलं ते असं, 'गावठाण फीडरवरचा मीटर चालू आणि सलग तीन रात्री साडेआठ वाजता तिन्ही फेज टेस्टरने पाहिल्या'. तसंच 'टँक बसवला' याच्या जागी 'टँक खोलीत, पाय पक्के, स्पिरिट लेव्हलने दोन्ही बाजूंनी तपासलेला' असं झालं, कारण टँकमधलं दूध डिपस्टिकने म्हणजे खुणांच्या पट्टीने मोजतात आणि तिचा तक्ता टँक ठराविक लेव्हलला असतानाच खरा असतो, टँक जरा कलला तरी रोजच्या मापात फरक पडतो. आणि 'उद्घाटन' त्यांनी यादीत ठेवलंच नाही. म्हणाले फीत लाईट नसताना पण कापता येते.

नंतर तारखा. मी नेहमीसारखं पुढं मोजायला लागलो, जूनमध्ये हे, जुलैमध्ये ते. अण्णांनी उलटं मोजायला लावलं. आमच्याकडं फेब्रुवारीच्या शेवटालाच ऊन तापतं, म्हणजे १ मार्च २०२४ ला टँकमध्ये पहिलं दूध पडलंच पाहिजे. त्याच्या आधी पाण्याची ट्रायल, १५ फेब्रुवारी, कारण ट्रायलमध्ये काही निघालं तर दुरुस्तीला दोन आठवडे. त्याच्या आधी जनरेटर, ३१ जानेवारी. मीटर ३१ डिसेंबर. इथं मी विचारलं की मीटर आणि ट्रायलमध्ये दीड महिना कशाला? ते म्हणाले, खोली तुझ्या हातात आहे, मीटर तुझ्या हातात नाही. जे आपल्या हातात नाही त्याच्या पुढं मोकळी जागा सोडायची. मीटरच्या आधी खोलीची समोरची भिंत आणि उताराची फरशी, ३० नोव्हेंबर. टँक आत, १५ ऑक्टोबर, पाऊस उघडल्यावर. फूड लायसन्स हातात, ३० नोव्हेंबर, कारण दिवसाला पाचशे लिटरच्या वरच्या शीतकरणाला तेव्हा साधं रजिस्ट्रेशन चालत नव्हतं, राज्याचं लायसन्स लागायचं आणि त्याच्या अर्जाला मशिनरीची यादी, खोलीचा नकाशा, पाण्याचा तपासणी रिपोर्ट हे सगळं जोडावं लागायचं.

आणि असं उलटं येत येत पहिला टप्पा कुठला निघाला, तर गावठाण फीडरच्या कोटेशनची पैसे भरल्याची पावती, १५ ऑगस्ट. मागच्या वर्षी मी ज्या कामाला डिसेंबरमध्ये हात लावला होता ते खरं तर सगळ्यात आधीचं होतं. बांधकाम दिसतं, वर येतं, म्हणून आपलं सगळं लक्ष तिकडं जातं. पण खोली अडीच महिन्यात होते आणि खांब उभे राहून मीटर यायला पाच-सहा महिने. कागदावर उलटं मोजल्याशिवाय मला हे कधीच दिसलं नसतं.

हे आठ टप्पे आम्ही फळ्यावर लिहिले. संस्थेत जो फळा आहे, ज्याच्यावर फॅट-एसएनएफचे दर लिहितो, त्याचाच निम्मा भाग. आमच्याकडं दहा दिवसाला बिल निघतं आणि त्या दिवशी सगळे सभासद येतातच, तर त्याच दिवशी आढावा. झालेल्या टप्प्यापुढं तारीख आणि ज्याने सांगितलं त्याची सही, नाही झाला तर रकाना रिकामा. काम चालू आहे असं लिहायला जागाच ठेवली नाही. पहिल्या दोन-तीन बिलांना संचालक नाराज झाले, म्हणाले सगळ्या गावापुढं कशाला. मला पण ते जड गेलं, कारण पहिला टप्पा माझ्याच नावावर होता आणि १५ ऑगस्टला तो रिकामा होता. एस्टिमेटमध्ये खांबांची संख्या चुकली होती, दुरुस्त होऊन यायला दिवस गेले. २९ ऑगस्टला पैसे भरले, पावती फळ्याशेजारी चिकटवली.

कंत्राटदाराचे पैसे पण याला जोडले. मागच्या वेळी आम्ही महिन्याला उचल दिली होती आणि चुकीची खोली पूर्ण व्हायच्या आतच त्याला बहुतेक रक्कम पोचली होती. यावेळी करारातच लिहिलं, टँक आत गेला आणि लेव्हल झाली की एवढे, फरशीवर पाणी ओतून ते गटारापर्यंत आपोआप गेलं की एवढे, आणि थोडी रक्कम पाण्याच्या ट्रायलनंतर. त्याने सुरुवातीला कुरकुर केली पण नंतर तोच रोज येऊन विचारायला लागला की टँकवाल्यांचा माणूस कधी येतोय, मला लेव्हल करून घ्यायची आहे. समोरची भिंत पाडली, टँक आत घेतला, मग भिंत बांधली. ही भिंत आधी बांधायचीच नव्हती. टँक १२ ऑक्टोबरला आत गेला, ठरल्यापेक्षा तीन दिवस आधी.

मीटर ३१ डिसेंबरला आला नाही. खांब उभे राहिले होते पण तारा ओढायचं राहिलं होतं. मागच्या वर्षी असं झालं असतं तर मी सगळ्यांनाच थांबवलं असतं किंवा सगळ्यांच्या मागं लागलो असतो. यावेळी फळ्यावर दिसत होतं की मीटर लांबला तरी ट्रायलच्या आधी अजून दीड महिना शिल्लक आहे, म्हणून बाकी कोणाला धक्का लावायची गरज नाही, फक्त तारा ओढण्याच्या मागं लागायचं. त्या कामावर एका संचालकाला रोज सकाळी जायला लावलं. २२ जानेवारीला मीटर चालू झाला, २५ ला तिसरी रात्र पूर्ण झाली आणि रकाना भरला. जनरेटरचा टप्पा ३० जानेवारीला, लाईट मुद्दाम घालवून, जनरेटर चालू करून त्याच्यावर कॉम्प्रेसर उचलतोय का बघितलं. हे बघावंच लागतं, कारण कॉम्प्रेसर चालताना जेवढा लोड घेतो त्याच्या कितीतरी पट सुरू होताना घेतो, आणि जनरेटर लहान पडला तर बल्ब पेटतात, पंखे फिरतात, पण कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो.

आता पाण्याची ट्रायल, आणि ज्याला कोणाला बीएमसी बसवायचा आहे त्याने हा भाग नीट वाचावा. फळ्यावर लिहिलं होतं, '१००० लिटर पाणी, सुरुवातीला ३५ अंश, तीन तासात ४ अंश'. टँकवाल्यांचा माणूस १९ फेब्रुवारीला आला, आधीच चार दिवस उशीर. तो म्हणाला पाणी भरा, मशीन चालू करून दाखवतो, थंड होताना दिसलं की सही करा. टाकीतलं पाणी २९-३० अंशाचं होतं. अण्णा म्हणाले नाही, दूध ३५ ला येतं तर पाणी पण ३५ चं पाहिजे. मग धुण्यासाठी बसवलेल्या बॉयलरमधलं ऐंशी-पंच्याऐंशी अंशाचं साधारण शंभर लिटर पाणी मिसळलं, ढवळलं, ३५ भरलं. पाण्याला थंड करायला दुधापेक्षा किंचित जास्त ताकद लागते, म्हणजे पाण्यावर मशीन पास झालं तर दुधावर नक्की होणार.

दुपारी दोनला चालू केलं. तासाने २२, दोन तासाने १४, तीन तास झाले तेव्हा ९ अंश. माणूस म्हणाला साहेब, नऊ आलंय, अजून तासा-दीड तासात चार येईल, मशीन चांगलं आहे. आणि खरं सांगतो, फळ्यावर ती ओळ नसती तर मी सही केली असती, कारण हात लावला की पाणी गार लागत होतं आणि गार म्हणजे गार असंच आपण धरतो. पण फेब्रुवारीत जे मशीन चार-साडेचार तास घेतंय ते मे महिन्यात किती घेईल? आणि संध्याकाळचं दूध गार होईपर्यंत रात्रीचे बारा.

सही केली नाही. मग कारण शोधलं. व्होल्टेज बघितलं, ठीक होतं. गॅस बघितला, ठीक. अण्णा मागच्या बाजूला गेले, जिथं कॉम्प्रेसर आणि त्याची जाळी म्हणजे कंडेन्सर आहे, आणि पंखा जिथून हवा आत ओढतो तिथं थर्मामीटर धरला. ४७ अंश. बाहेर सावलीत ३४ होतं. कारण तिथंच सापडलं. कंडेन्सरच्या मागं दीड फुटावर आमच्याच पशुखाद्याच्या गोडाऊनची भिंत आहे, गरम हवा भिंतीवर आपटून परत आत यायची आणि तीच हवा मशीन पुन्हा ओढायचं. दुधातली उष्णता बाहेर टाकायचं मशीनचं काम, ती उष्णता बाहेर जायलाच वाव नव्हता. उपाय साधा निघाला, पत्र्याचा एक तिरका डक्ट करून गरम हवा भिंतीच्या वर सोडली आणि ताज्या हवेसाठी बाजूच्या भिंतीत तीन बाय तीनची खिडकी पाडली, जाळी मारली. २८ फेब्रुवारीला परत ट्रायल. एका तासात १९, दोन तासात १०, आणि पाच मिनिटं कमी तीन तासात ४. आत ओढली जाणारी हवा ३६. तेव्हा सही केली, कंत्राटदाराचे राहिलेले पैसे पण त्याच दिवशी दिले.

पहिलं दूध १ मार्चऐवजी ४ मार्चला पडलं, डिपस्टिकच्या तपासणीला दोन-तीन दिवस गेले म्हणून.

आता फक्त शेवटचा टप्पा राहिला होता. तो होता, 'सलग ३० दिवस, प्रत्येक पाळीला शेवटचं दूध पडल्यापासून तीन तासाच्या आत ४ अंश, आणि संघाकडून एकही टँकर परत नाही'. रजिस्टर ठेवलं, दूध तपासणारा टेस्टर आणि ऑपरेटर दोघांच्या सह्या. दहा दिवस सुरळीत. अकराव्या दिवशी, १४ मार्चला, सकाळच्या दुधाचं तापमान तीन तासानंतर १२ अंश. मशीनला काहीच झालेलं नव्हतं. टँक धुताना कूलिंगचं बटण बंद करतात, नाहीतर रिकामा टँक आणि धुण्याचं पाणी गोठतं, आणि त्या दिवशी धुणं झाल्यावर ते परत चालू करायचं राहून गेलं. दीड तासाने लक्षात आलं. दूध खराब झालं नाही, टँकरवाल्याने येऊन नेलं, कुठं काही तक्रार नाही.

सचिव म्हणाले एका पाळीसाठी मोजणी मोडू नका, पाडवा ९ एप्रिलला आहे, त्याच्या आत तीस दिवस पूर्ण होतायत, पाडव्याला कार्यक्रम ठरलाय, आमदारांना सांगून झालंय. मी दोन दिवस विचार केला. सभासदांपैकी कोणाला कळलं पण नसतं. पण फळ्यावर 'सलग' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, आणि जी चूक मार्चमध्ये दीड तासात सापडली ती मे महिन्यात रात्री झाली असती तर अख्खा टँक गेला असता, सोळा कॅन नाही, सगळं गावाचं दूध. मोजणी १५ मार्चपासून परत एकपासून सुरू केली. आणि रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला, पहिला कॅन ओतल्यावर अर्ध्या तासाने तापमान लिहायचं. बटण बंद असेल तर तिथंच समजतं, तीन तास वाट बघायला लागत नाही. दर अर्ध्या तासाला लिहा असं आधी ऑपरेटरला सांगितलं होतं, पण गर्दीच्या वेळी माप, फॅट, पावती सगळं एकच माणूस बघतो, त्याला ते जमत नव्हतं. एकच नोंद, पण नेमकी उपयोगाची, ती जमते.

पाडव्याला टँकची पूजा केली, कार्यक्रम पण झाला, भाषणं झाली. फळ्यावरची आठवी ओळ मात्र त्या दिवशी रिकामी होती आणि पाहुण्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, अजून चार दिवस आहेत. १३ एप्रिलला ती भरली, सही ऑपरेटरची.

दुधाचं सांगायचं तर संघाच्या लॅबमध्ये मेथिलीन ब्ल्यूची टेस्ट करतात, निळा रंग जितका जास्त वेळ टिकतो तितके दुधात जंतू कमी. आधीच्या उन्हाळ्यात आमच्या संध्याकाळच्या कॅनचा रंग पाऊण तासात जायचा. एप्रिल २०२४ मध्ये टँकरच्या नमुन्याचा चार तासाच्या वर टिकला. वॉरंटी मात्र जुलै २०२४ मध्ये संपली, १८ महिन्यांच्या हिशोबाने, चालू करून पाच महिने पण झाले नव्हते. सप्लायरकडं लेखी विनंती केली होती, नकार आला, आणि करार वाचला तर त्याचं बरोबर होतं.

परवा शेजारच्या गावचे चेअरमन आले होते, जागा बघून ठेवलीय म्हणाले, गवंडी सोमवारी येतोय. मी त्यांना गाडीवर मागं बसवलं आणि आधी त्यांच्या जागेजवळची डीपी कुठल्या फीडरची आहे ते बघायला घेऊन गेलो.